पगाराला उशीर होणार आहे: "एक-दोन दिवसांत करतो" ऐवजी काय लिहावं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही प्रश्नोत्तरं दहा-वीस माणसांचं वर्कशॉप, डाळ मिल, जिनिंग, दुकान किंवा छोटं ऑफिस चालवणाऱ्या मालकांसाठी आहेत. मालकाच्या तोंडी बोलण्यावरून किंवा घाईत टाकलेल्या नोटवरून कामगारांसाठी संदेश तयार करणारे मुनीम, अकाउंटंट, सुपरवायझर आणि घरची मंडळी यांनाही ती तितकीच उपयोगी पडतील. उदाहरण म्हणून वाळूज एमआयडीसीतलं 14 कामगारांचं एक मशीन शॉप घेतलं आहे. त्यातले आकडे समजावण्यापुरते आहेत, पण हिशोबाची पद्धत जशीच्या तशी वापरता येते.

मालकाची मूळ नोट साधारण कशी असते, आणि तिच्यात नेमकं काय चुकतं?

साधारण अशी असते:

"नमस्कार मंडळी, यावेळी पगाराचं थोडं मागेपुढं होतंय. पार्टीचं पेमेंट अडकलंय, ते आज-उद्या म्हणतायत. आलं की लगेच सगळ्यांचं क्लिअर करतो, एक-दोन दिवसांचा विषय आहे. आपण सगळे घरचेच आहोत, समजून घ्या. टेन्शन घेऊ नका."

लिहिणाऱ्याच्या मनात खोट नाही. पण रांजणगावात किंवा बजाजनगरात खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या कामगाराच्या जागी बसून ही नोट वाचा. त्याला दहा तारखेला गाडीचा हप्ता आहे, किराणावाल्याला त्याने "पगार झाला की देतो" असं सांगून ठेवलंय, बायकोला बचत गटाचे पैसे भरायचे आहेत. या तिघांना काय सांगायचं, ते नोटमधून कळत नाही. "थोडं मागेपुढं" म्हणजे किती? "क्लिअर" म्हणजे पूर्ण पगार की काही भाग? "आलं की" हे शब्द तर पगाराचा दिवस तिसऱ्याच माणसाच्या हातात देतात.

सगळ्यात जास्त नुकसान "एक-दोन दिवस" करतं. ऐकणारा मनात बुधवार धरतो. बुधवार गेला की पुन्हा "एक-दोन दिवस" येतात. असं तीनदा झालं की उशीर नऊ दिवसांचाच असतो, पण माणूस तीनदा तोंडघशी पडलेला असतो, आणि किराणावाल्यासमोर तोही तीनदा खोटा ठरलेला असतो. पहिल्याच दिवशी नऊ दिवस सांगितले असते तर त्याला एकदाच वाईट वाटलं असतं आणि उसनवारी करायला वेळ मिळाला असता.

"घरचेच आहोत" हे वाक्यही काढून टाका. ते प्रेमाने लिहिलेलं असतं, पण पगार मागणाऱ्याला ते अवघडून टाकतं. घरच्या माणसाने पैसे मागायचे नसतात असा त्याचा अर्थ पोचतो.

नवा संदेश लिहिण्याआधी मालकाला काय विचारायचं?

भाषा सुधारण्याआधी माहिती गोळा करावी लागते. नोटमधली भाषा मोघम असते, कारण बहुतेक वेळा हिशोबच झालेला नसतो. म्हणून लिहायला बसण्याआधी चार गोष्टी विचारा आणि उत्तरं कागदावर आकड्यांत उतरवा. एकूण किती पगार द्यायचा आहे? आज खात्यात किती आहे आणि त्यातलं किती आधीच दुसरीकडे बांधलेलं आहे? बाहेरून येणारे पैसे कोणाकडून येणार आहेत, आणि त्या माणसाने याआधी किती दिवस उशीर केलाय? ते आलेच नाहीत तर कुठून देणार?

चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तारीख लिहू नका. हा नियम लिहिणाऱ्याने मालकासमोरही पाळावा. मालक म्हणतील, "टाक ना पंधरा तारीख, बघू पुढं." ती तारीख हिशोबातून आलेली नसेल तर तुमच्या नेटक्या भाषेमुळे ती जास्तच खरी वाटेल. मोघम नोट निदान मोघम दिसते तरी. सुबक शब्दांतली खोटी तारीख तिच्यापेक्षा जास्त घात करते, कारण लोक तिच्यावर पुढचे व्यवहार बांधतात.

तारीख नेमकी काढायची कशी?

उदाहरणातल्या मशीन शॉपचा हिशोब करू. नोव्हेंबरचा पगार 7 डिसेंबरला, सोमवारी, द्यायचा आहे. 14 जणांचे हातात द्यायचे मिळून 2,52,000 रुपये होतात. शनिवारी, 5 तारखेला, खात्यात 96,000 आहेत.

आधी या 96,000 पैकी हात लावता येणार नाहीत असे पैसे बाजूला काढा. दहा तारखेचं वीजबिल 21,000 आहे. ते थकलं आणि लाइन तुटली तर मशिनी बंद, मग पुढचा पगारही गेला. ईएसआयसीचे सुमारे 9,000 रुपये 15 तारखेपर्यंत भरायचे आहेत आणि पगार पुढे गेला तरी ती तारीख पुढे जात नाही. राहिले 66,000.

आता येणारे पैसे पाहू. एका मोठ्या पार्टीकडून 2,10,000 यायचे आहेत आणि तिने दहा तारीख सांगितली आहे. इथे बोलण्यावर जाऊ नका, बँकेचं स्टेटमेंट काढा. या पार्टीची मागची सहा पेमेंट सांगितलेल्या तारखेनंतर 3, 5, 0, 6, 9 आणि 4 दिवसांनी आली आहेत. सगळ्यात वाईट अनुभव धरायचा, म्हणजे 9 दिवस. दहा अधिक नऊ, म्हणजे 19 डिसेंबर, शनिवार. सरासरी धरायची नाही, कारण सरासरीवर दिलेली तारीख बऱ्याच वेळा चुकणारच.

मग चौथा प्रश्न: 19 तारखेलाही पार्टीने पैसे दिले नाहीत तर? या मालकाला बँकेने कॅश क्रेडिटची 2,00,000 रुपयांची वाढीव मर्यादा मंजूर केली आहे आणि कागदपत्रं पूर्ण होऊन ती 16 तारखेपासून वापरता येईल असं लेखी कळवलं आहे. बँकेच्या कामात एखादा दिवस इकडेतिकडे झाला तरी 19 पर्यंत तीन दिवस हाताशी राहतात. म्हणजे पार्टीचे पैसे येवोत न येवोत, 19 तारीख पाळता येते. अशीच तारीख संदेशात लिहायची.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही मर्यादा आजच हातात असती तर आजच वापरून पगार सात तारखेलाच द्यायला हवा होता, आणि उशिराचा संदेश लिहिण्याची गरजच पडली नसती. मोडता येण्यासारखी ठेव, गहाण ठेवता येण्यासारखं सोनं, मालकाने स्वतःसाठी उचलायची रक्कम हे सगळं पाहून झाल्यावरच उशिराची तारीख ठरवा.

66,000 हातात आहेत. ते सगळ्यांना सारखे वाटायचे की पगाराच्या प्रमाणात?

सारखे वाटा. इथे 14 जणांना प्रत्येकी 4,500 दिले तर 63,000 होतात आणि किरकोळ खर्चाला 3,000 उरतात. 13,500 घेणाऱ्या हेल्परला एक तृतीयांश पगार वेळेवर मिळतो, तर 24,000 घेणाऱ्या व्हीएमसी ऑपरेटरला पाचव्या हिश्श्याहून थोडा कमी. टक्क्यांनी वाटलं असतं तर दोघांनाही सुमारे 25 टक्के मिळाले असते आणि हेल्परच्या हातात 3,400 च्या आसपास आले असते. तेल-मीठ, भाडं, गॅस यांचा किमान खर्च दोघांचाही जवळपास सारखाच असतो, म्हणून कमी पगारवाल्याला आधी सावरायचं. ऑपरेटर लोक सहसा हे समजून घेतात, पण त्यांना कळलं पाहिजे की सगळ्यांना सारखीच रक्कम दिली आहे. नाहीतर "त्याला जास्त दिले, मला कमी" ही कुजबुज दुपारच्या चहापर्यंत सुरू झालेली असते.

ज्यांनी महिन्यात आधीच उचल घेतली आहे त्यांचं काय, हा प्रश्न येतोच. पहिल्या रकमेतून उचल कापू नका. ती दुसऱ्या, मोठ्या रकमेतून कापा आणि तसं त्या माणसाला वेगळं सांगा.

मग पूर्ण संदेश कसा दिसतो?

वरच्या हिशोबावरून तयार झालेला संदेश असा:

"नमस्कार. नोव्हेंबरचा पूर्ण पगार 7 डिसेंबरला देता येणार नाही. एका मोठ्या बिलाचे पैसे आलेले नाहीत आणि खात्यात पूर्ण पगाराएवढी रक्कम नाही.

सोमवार, 7 डिसेंबर, संध्याकाळी 6 पर्यंत: प्रत्येकाच्या खात्यात 4,500 रुपये. सगळ्यांना सारखेच.

शनिवार, 19 डिसेंबर, संध्याकाळी 6 पर्यंत: नोव्हेंबरचा उरलेला सगळा पगार.

ते बिल 19 पर्यंत आलं नाही तरी पगार 19 लाच होईल, त्याची सोय केली आहे.

मधल्या दिवसांत कोणाला दवाखाना, फी किंवा हप्त्यासाठी जास्त गरज असेल तर रविवारी संध्याकाळी 7 पर्यंत मला फोन करा, ग्रुपवर लिहू नका. त्यासाठी 15,000 रुपये बाजूला ठेवले आहेत. घेतलेली रक्कम 19 तारखेच्या पगारातून वजा होईल.

उशीर माझ्याकडून झाला आहे. त्याबद्दल माफी मागतो."

पहिलंच वाक्य वाईट बातमी सांगतं. तिच्याआधी दिवाळी कशी गेली, काम कसं जोरात आहे, हे काही नाही. लोक पहिली ओळ वाचून ठरवतात की पुढे वाचायचं की नाही. "देता येणार नाही" हे सरळ क्रियापद आहे. "विलंब होण्याची शक्यता आहे" असं लिहिलं की ऐकणारा शक्यता नसलेली बाजू धरून बसतो.

तारखेसोबत वार आणि वेळ दोन्ही लिहिलेत. वार चुकीचा पडला तर कोणीतरी लगेच विचारतं, म्हणून तारीख बरोबर असल्याची तीच एक तपासणी होते. वेळ लिहिली नाही तर लोक सकाळी नऊपासून फोन उघडून पाहत राहतात. "पर्यंत" म्हणजे खात्यात जमा झालेले पैसे. बँकेत टाकलेला चेक त्यात धरायचा नाही. "उरलेला सगळा" हा शब्द मुद्दाम आहे. नुसतं "उरलेला" म्हटलं तर त्यातही तुकडे पडतील अशी शंका राहते.

15,000 ची ओळ मालकाने घरातून तेवढी रक्कम खरंच बाजूला काढली म्हणूनच आहे. "काही अडचण असल्यास जरूर सांगा" असं रिकामं वाक्य लिहून दोघांनी मागितले आणि तुम्ही नाही म्हणालात तर मूळ उशिरापेक्षा तोच नकार जास्त लक्षात राहतो. मागे रक्कम नसेल तर ही ओळ गाळा.

"आधी पैसे आले तर आधीच देऊ" हे वाक्य मुद्दाम टाकलेलं नाही. मालकांना ते घालावंसं वाटतं, पण वाचणारा नेहमी जवळची तारीख धरतो. पैसे लवकर आले तर लवकर द्या, कोणी तक्रार करणार नाही.

कारण किती सांगायचं? पार्टीचं नाव लिहावं का?

कारण एका वाक्यात संपवा आणि नाव लिहू नका. ग्रुपवरचा संदेश स्क्रीनशॉट होऊन त्या कंपनीच्या खरेदी विभागापर्यंत पोचायला वेळ लागत नाही, वाळूजला तर सगळे एकमेकांना ओळखतात. शिवाय लांबलचक कारणातून एकच अर्थ निघतो, की दोष दुसऱ्याचा आहे. कामगाराचा करार त्या कंपनीशी नाही, तुमच्याशी आहे.

पार्टीकडून पैसे वसूल करायचं काम वेगळं आहे आणि त्यासाठी तुमच्या हातात कायदा आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला एमएसएमईडी कायदा, 2006 च्या कलम 15 नुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, आणि करार नसेल तर 15 दिवसांत. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. हे पार्टीच्या पत्रात लिहा, कामगारांच्या संदेशात नको.

कारण खोटं मात्र कधीच सांगू नका. "बँकेचं सर्व्हर डाउन आहे" हे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं खोटं कारण आहे आणि ते सगळ्यात लवकर उघडं पडतं. एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास चालते. कामगाराच्या त्याच बँकेतल्या खात्यात भावाचे पैसे संध्याकाळी आले तर तुमचं कारण तिथेच संपतं. त्याच कारणाने "रविवार आला म्हणून" हेही आता चालत नाही.

कायद्याने पगार कधीपर्यंत द्यायला हवा? संदेश पाठवला की उशीर चालतो का?

नाही, चालत नाही. वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. तिच्या कलम 17 प्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो. आधीच्या 1936 च्या कायद्यातही हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी सात तारीखच होती. रोजंदारीवाल्याचे पैसे पाळी संपताना आणि आठवड्यावर काम करणाऱ्याचे साप्ताहिक सुट्टीच्या आधीच्या दिवशी द्यायचे असतात.

म्हणून वरच्या उदाहरणातली 19 तारीख ही कायद्याच्या मुदतीबाहेरचीच आहे. संदेश कितीही सभ्य असला तरी ती मुदत वाढत नाही, आणि कामगाराचा दावा करण्याचा हक्क जात नाही. तो हक्क सोडल्याची सही घेण्याच्या भानगडीत पडू नका. "सर्वांच्या सहमतीने" असेही शब्द संदेशात नकोत. सहमती कोणी दिलेली नसते, आणि नोकरी जाईल या भीतीने मान हलवली तर ती सहमती म्हणवत नाही.

काम सोडलेल्या किंवा काढलेल्या माणसासाठी नियम आणखी कडक आहे. त्याचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. त्याला या सामान्य संदेशात गुंडाळू नका आणि शक्य तर हातातल्या पैशातून त्याचं आधी मिटवा.

खरंच कोणतीच तारीख देता येत नसेल तर?

असं वाटतं त्या बहुतेक वेळी पूर्ण पगाराची तारीख देता येत नसते, काहीतरी रकमेची देता येते. तेवढीच द्या: "बुधवार, 9 डिसेंबर, संध्याकाळी 6 पर्यंत प्रत्येकी 3,000." हे लहान आहे, पण पक्कं आहे.

उरलेल्याबद्दल तारीख नाही हे तसंच लिहा आणि कधी कळवणार ते सांगा: "उरलेल्या पगाराची तारीख आज माझ्याकडे नाही. शनिवारी, 12 तारखेला, दुपारी 1 वाजता मी शॉपमध्ये सगळ्यांसमोर तारीख सांगेन." हे सांगण्याचं वचन आहे, पैशाचं नाही, आणि दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका. शनिवारीही तारीख नसेल तर ठरल्या वेळी उभं राहून "आजही नाही" असं म्हणावंच लागेल. असं दोनदा झालं तर पुढे काम करायचं की नाही हे कामगारांना ठरवू द्या. त्यांना अंधारात ठेवून पाळ्या लावणं म्हणजे त्यांच्याकडून बिनव्याजी आणि बिनविचारता उधार घेणं आहे.

दिलेली तारीख चुकणार असं दिसायला लागलं तर?

तारीख उजाडायची वाट पाहू नका. ज्या दिवशी तुम्हाला कळलं त्याच दिवशी सांगा. वरच्या उदाहरणात 16 तारखेला बँकेने मर्यादा उघडली नाही आणि पार्टीही गप्प आहे, तर 16 ला संध्याकाळीच संदेश जायला हवा, 19 ला पाच वाजता नाही. त्या तीन दिवसांत कोणी मेव्हण्याकडून उसने आणेल, कोणी फायनान्सवाल्याला फोन करेल. ईएमआय बाऊन्स झाला की बँक आणि फायनान्स कंपनी दोघांचाही दंड बसतो, आणि तो वाचवायला आधीचे दिवसच कामाला येतात.

दुसऱ्या संदेशात पहिल्याचा उल्लेख करा: "मी 19 डिसेंबर सांगितलं होतं. ते पाळता येणार नाही." नवी तारीख पहिलीपेक्षा सावध असू द्या, कारण आता आणखी एक तारीख चुकली तर तिसऱ्या संदेशावर कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि उशिरामुळे कोणाला हप्त्याचा दंड बसला असेल तर पावती पाहून तो भरून द्या. पाच-सातशे रुपयांचा विषय असतो, पण नुकसान कोणामुळे झालं हे त्यातून मान्य होतं.

जुना संदेश ग्रुपवरून पुसू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश फक्त पहिली 15 मिनिटं बदलता येतो, आणि पुसला तर "हा संदेश हटवला आहे" अशी खूण तिथे राहते. ती खूण पाहून लोक काहीही समजतात.

संदेश कधी आणि कसा पाठवायचा?

पगाराच्या दिवसाआधी, निदान दोन दिवस. उदाहरणात शनिवारी हिशोब झाला, म्हणून शनिवारीच, पाळी सुटायच्या आत. पाळी सुटताना सगळ्यांना थांबवून मालकाने स्वतः हेच सांगावं आणि लगेच ग्रुपवर लेखी टाकावं. नुसतं लेखी टाकलं तर तोंड चुकवल्यासारखं होतं. नुसतं तोंडी सांगितलं तर संध्याकाळी घरी एकाची 19 तारीख आणि दुसऱ्याची 9 तारीख होते. मराठीत "एकोणीस" आणि "नऊ" ऐकण्यात फारसे घोळत नसले तरी मशिनच्या आवाजात घोळतात.

ग्रुप नसेल आणि ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवत असाल तर लक्षात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो. नवा हेल्पर हमखास सुटतो. वाचायची सवय नसलेल्यांसाठी तोच मजकूर शब्द न बदलता व्हॉइस नोटमध्ये बोला, आणि बिहार-उत्तर प्रदेशातले कामगार असतील तर हिंदीतही. बोलताना "बरं का, बघू, तसं काही नाही" हे शब्द आपोआप घुसतात, म्हणून समोर लेखी मजकूर ठेवूनच बोला.

मालकाचा स्वभाव बोलका आहे. संदेश इतका कोरडा वाटला तर?

आपुलकी ठेवा, पण ती तारखेच्या खाली ठेवा. "उशीर माझ्याकडून झाला आहे" या चार शब्दांत पुरेशी आपुलकी आहे. मालक ज्यांना रोज दादा, भाऊ, मावशी म्हणतात त्यांना संदेशातही तसंच म्हणू द्या. अचानक "सर्व कर्मचाऱ्यांना सूचित करण्यात येते की" असं आलं तर लोकांना वाटतं वकिलाने लिहिलंय. फक्त "टेन्शन घेऊ नका" काढा. ज्याचा पगार अडकलाय त्याने टेन्शन घ्यायचं की नाही हे आपण ठरवू शकत नाही.

ठरलेल्या दिवशी पैसे पाठवताना काय अडतं?

पैसे असूनही तारीख चुकते ती बहुतेक वेळा इथे. नव्या कामगाराचं खातं त्याच दिवशी जोडलं तर अनेक बँका पहिल्या दिवशी रकमेवर मर्यादा घालतात, म्हणून खाती दोन दिवस आधी जोडून घ्या. खाते क्रमांकात एक आकडा चुकला तर पैसे परत येतात किंवा दुसऱ्याच्या खात्यात जातात, त्यामुळे नव्या खात्यात आधी 1 रुपया टाकून कामगाराकडून "आला" असं ऐका. बरेच दिवस व्यवहार नसलेलं किंवा केवायसी अडकलेलं खातं असेल तर तेही या एका रुपयात कळतं. सहावर वेळ दिली असेल तर दुपारी दोनला पाठवायला बसा. चौदापैकी एखादा व्यवहार अडकला तरी तो पुन्हा करायला वेळ राहतो.

पैसे पाठवून झाल्यावर ग्रुपवर दोन ओळी टाका: "नोव्हेंबरचा उरलेला पगार सगळ्यांना पाठवला आहे. रात्री 8 पर्यंत ज्याच्या खात्यात दिसला नाही त्याने मला फोन करा." आठनंतर फोन चालू ठेवा.